दोघांचे एकच आजोबा

धाकटीच्या आजोबांचे दोन्ही पाय शेवटपर्यंत धडधाकट होते. त्या पायांनी ते रोज सकाळी फिरायला जात आणि परत आले की दारात चपला वेड्यावाकड्या टाकणाऱ्याचा उद्धार करत. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. असा माणूस जाऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला जावा, तोही एका ईमेलमध्ये, आणि तोही सख्ख्या नातीच्या संमतीने, हे त्यांना कळलं असतं तर जिथे असतील तिथे त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

संमतीने म्हणायचं, कारण धाकटीने तो मजकूर वाचला होता. लिहिला होता थोरलीने. थोरली एका मोठ्या कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळते आणि घरातलं, शेजारचं, ओळखीपाळखीचं कुठलंही इंग्रजी शेवटी तिच्याच टेबलावर येऊन पडतं. धाकटी कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करते. प्लास्टर, रंधा आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी, यांत तिचा हात धरणारे थोडेच. इंग्रजी तिला वाचता येतं, बोललेलं समजतं, पण लिहायला बसली की पहिल्या वाक्यालाच घोडं अडतं.

म्हणून परदेशातल्या एका केंद्राची जाहिरात आली तेव्हा अर्जाची ईमेल थोरलीने लिहावी यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. वर्षभर तिथे राहून लहान मुलांसाठी पाय बनवायला शिकायचं होतं, असे पाय जे मूल वाढलं की थोडे बदलून पुन्हा वापरता येतात. धाकटीच्या कार्यशाळेत असलं काही नव्हतं. तिथे पोरं वाढायची आणि पाय तेवढेच राहायचे. मग आईबाप पोराला नव्या पायासाठी पुन्हा आणत, कधी वेळेवर, बहुतेकदा उशिरा, जखम झाल्यावर. त्या जखमा धुताना धाकटीचा जीव तुटायचा. जागा एकच होती आणि वयाच्या अटीप्रमाणे धाकटीचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी अर्ज करायचा म्हटलं तरी करता येणार नव्हता.

थोरलीने ईमेल झकास लिहिली. 'आय ॲम रायटिंग टू एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट' अशी सुरुवात, मग 'युअर एस्टीम्ड इन्स्टिट्यूशन', आणि मधे तो परिच्छेद. लहानपणी खिडकीतून पाहिलेले, कुबडीवर अंगण ओलांडणारे आजोबा, आणि त्याच क्षणी सापडलेला आयुष्याचा मार्ग.

"ताई, आजोबांना काही झालं नव्हतं," धाकटी म्हणाली होती.

"अगं, त्यांना तिकडे कोण ओळखतंय? अर्ज म्हणजे काय, समोरच्याचं मन हललं पाहिजे."

धाकटीने दोनदा वाचलं. वाचताना तिला स्वतःलाच त्या आजोबांबद्दल वाईट वाटलं. मग तिने पाठवण्याचं बटण दाबलं. ते बटण थोरलीने दाबलं नव्हतं, हे तिला पुढे फार आठवणार होतं.

उत्तर सोमवारी सकाळी आलं. धाकटी कार्यशाळेत एका साच्यावरचं प्लास्टर घासत होती. हात पुसून तिने फोन पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

केंद्राच्या प्रमुख बाईंनी लिहिलं होतं ते थोडक्यात असं. तुमच्या कार्यशाळेतून माझ्याकडे दोन अर्ज आले आहेत. दोघांच्याही आजोबांचा डावा पाय गेला. दोघांनीही ते खिडकीतून पाहिलं. शब्दसुद्धा तेच आहेत. हे आजोबा एकच आहेत का? उद्या संध्याकाळपर्यंत मला दोघांकडून वेगवेगळं उत्तर हवं. हे कोणी लिहिलं ते सांगा. शिवाय तुम्ही बसवलेल्या अशा एका पायाबद्दल लिहा, जो आज तुम्ही वेगळ्या रीतीने बसवाल. भाषा साधी असली तरी चालेल. इंग्रजी माझीही भाषा नाही.

दुसरा अर्ज कोणाचा हे विचारावं लागलं नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भट्टीपाशी, तिचा सहकारी लंबू आपला फोन हातात धरून उभा होता. त्याच्यामागे मऊ होत आलेली प्लास्टिकची शीट भट्टीतून खाली लोंबायला लागली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

"शीट," धाकटी म्हणाली.

त्याने ती काढली, पण वाया गेलीच होती. मग तो सावकाश तिच्या टेबलापाशी आला. लंबू म्हणजे दारातून वाकून यावं लागणारा माणूस, पण त्या दिवशी तो सरळ उभा असूनही वाकलेलाच दिसत होता.

"मला ताईंनी लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "मागे. दुसरीकडे अर्ज करायचा होता तेव्हा. तिथलं काही जमलं नाही. मग हे निघालं. मी नुसतं नाव आणि पत्ता बदलला."

"मला सांगितलं नाहीस."

"जागा एकच आहे ना. कसं सांगणार?"

धाकटीला राग आला, आणि लगेच लक्षात आलं की आपणही त्याला सांगितलं नव्हतं. रोज समोरासमोर बसून डबा खाणारी ही दोन माणसं, एकाच जागेसाठी, एकाच बाईकडून लिहून घेऊन, एकमेकांपासून लपवत होती. आजोबांनी दोघांनाही अंगणात उभं केलं असतं.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"तू काही करू नकोस," लंबू म्हणाला आणि वाया गेलेली शीट टोपल्यात टाकायला गेला. या बोलण्याचा अर्थ तिने तेव्हाच विचारायला हवा होता.

संध्याकाळी थोरलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला गेला. थोरलीने ईमेल वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिचा चेहरा पडला होता, पण ती हार मानणाऱ्यातली नाही.

"लंबूला मी दुसऱ्या ठिकाणासाठी दिलं होतं," ती म्हणाली. "हे दोन अर्ज एकाच टेबलावर जातील असं मला स्वप्नात तरी वाटलं असतं का? बरं, राहू दे. मी लिहिते. नीट माफी मागू. 'अनफॉर्च्युनेट ओव्हरसाइट' म्हणू."

"म्हणजे काय?"

"म्हणजे अनवधानाने झालं."

"अनवधानाने कुठे झालं, ताई? मी वाचून पाठवलं."

थोरली टाइप करायला लागलीच होती. तिची बोटं चालायला लागली की थांबत नाहीत. बघता बघता एक सुरेख परिच्छेद उभा राहिला. त्यात खेद होता, आदर होता, कार्यशाळेची थोर परंपरा होती. धाकटीने तो वाचला. परिच्छेद चांगलाच होता. पण तो लंबूच्या नावाने गेला असता तरी चालला असता, आणि थोरलीच्या कंपनीचा माल उशिरा पोचला असता तरीही चालला असता.

"हे नको," ती म्हणाली. "मी लिहिते."

"तू?"

"मी."

थोरलीने खुर्ची सोडली, पण मागे उभी राहिली. मागे उभं राहिलेल्या थोरलीसमोर इंग्रजी लिहिणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. धाकटीने एक वाक्य लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. मागून उसासा आला. तिने तिसरं वाक्य लिहिलं.

"अगं, हे चौथीतल्या मुलीचं इंग्रजी झालं," थोरली म्हणाली. "इतकी तुटक वाक्यं? 'माय सिस्टर रोट इट. आय रेड इट. आय सेंट इट.' त्यांना वाटेल हिला काही येत नाही."

"मला एवढंच येतं. तिकडे गेल्यावर मी कशी बोलणार आहे? तू माझ्या मागे उभी राहणार आहेस?"

"मी तुझ्या भल्यासाठीच करत आले सगळं."

"माहीत आहे. म्हणूनच मला अजून लिहिता येत नाही."

हे बोलायचं नव्हतं. पण निघून गेलं तोंडातून. थोरली आत गेली आणि आतून भांडी आवरण्याचा आवाज येऊ लागला, जरा जास्तच मोठा.

धाकटी एकटी बसली. रडावंसं वाटत होतं, पण वेळ नव्हता. तिने कॉम्प्युटर बाजूला सारला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत केंद्राच्या त्या बाई बसल्या आहेत असं धरून मराठीतच बोलायला सुरुवात केली. त्या एखाद्या दुसऱ्या कार्यशाळेतल्या असत्या तर काय सांगितलं असतं? ती शिवणकाम करणाऱ्या बाईंबद्दल सांगू लागली. त्यांना तिने गुडघ्याखालचा पाय बसवला होता. दर वेळी त्या आरशासमोर दांड्यांना धरून चालून दाखवत आणि म्हणत, छान आहे. चाल खरंच छान होती. धाकटी स्वतःवर खूश होती. आणि मग एकदा त्या गुडघ्यामागे चट्टा घेऊन आल्या. त्या दिवसभर मशीनवर बसून असत. सॉकेटची मागची कड उंच राहिली होती. उभं असताना काही नाही, पण गुडघा वाकवून बसलं की ती कड मांडीमागच्या शिरांत रुतायची. धाकटीने त्यांना प्रत्येक वेळी चालायला सांगितलं होतं. बसायला एकदाही सांगितलं नव्हतं.

हे बोलून झाल्यावर तिने तेच इंग्रजीत लिहिलं. जो शब्द बोलताना आपल्या तोंडात आला नसता तो घ्यायचा नाही, एवढा एकच नियम तिने स्वतःला घातला. वाक्य लांबलं की तोडायचं. अडलं की परत मराठीत विचारायचं, मला म्हणायचंय काय, आणि तेवढंच लिहायचं. वाक्यं छोटी झाली. पण ती वाचताना तिला तो आरसा दिसत होता, त्या बाई दिसत होत्या.

आजोबांचं मात्र राहिलंच होतं. ते सकाळसाठी ठेवून ती झोपायला गेली.

सकाळी कार्यशाळेत पोचल्या पोचल्या लंबूने तिला आपला फोन दाखवला. "पाठवलं मी," तो म्हणाला. "तू निश्चिंत राहा."

त्याने लिहिलं होतं की मजकूर मूळचा धाकटीचा आहे, आजोबाही तिचेच, आणि आपण तो तिच्या नकळत चोरला. भाषा इतकी गुळगुळीत होती की वाचता वाचता नजर घसरत होती. 'डीपली रिग्रेट', 'प्रोफाउंड अपॉलॉजीज'. कुठल्याशा ॲपने लिहून दिलं होतं.

धाकटी मटकन स्टुलावर बसली. "हे काय करून ठेवलंस?"

"माझं काही व्हायचं नव्हतंच. तुझं हे शेवटचं वर्ष आहे. दोघं बुडण्यापेक्षा एक तरी तरेल."

"पण आजोबा खोटे आहेत, लंबू. माझे आजोबा दोन पायांवर जन्मभर ओरडत फिरले."

लंबूला हे माहीत नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की थोरलीने धाकटीच्या खऱ्या आजोबांची गोष्ट उसनी दिली.

आता धाकटीपुढे दोन वाटा होत्या, आणि एक फार सोपी होती. मूग गिळून बसायचं. चोर सापडला होता, त्याने कबूलही केलं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईंची हकिकत तेवढी पाठवायची आणि आजोबांना तसंच लंगडत ठेवायचं. जागा मिळालीच तर वर्षभर कोणी सहानुभूतीने आजोबांबद्दल विचारलं की मान खाली घालायची. दुसरी वाट म्हणजे खरं सांगायचं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा. त्यात लंबूही दुसऱ्यांदा खोटा ठरणार होता. दुपारपर्यंत तिने एक साचा बिघडवला आणि एका पेशंटला उजव्याऐवजी डावा बूट काढायला सांगितला. त्या साध्या माणसाने तो काढलासुद्धा.

दुपारी ती कार्यशाळेच्या ऑफिसात जाऊन बसली. दार लावून घेतलं. आणि समोरच्या भिंतीशी बोलायला लागली.

ईमेलचा विषय तिने लिहिला, 'आजोबांबद्दल आणि मी चुकवलेल्या एका पायाबद्दल'. मग बाईंना नावाने नमस्कार. मग, नुसत्या मराठीत सांगायचं तर, असं:

'तो परिच्छेद माझ्या बहिणीने लिहिला. त्यातलं खरं नाही हे मला माहीत होतं. तरी मी पाठवला, कारण माझं इंग्रजी तुम्हाला आवडणार नाही अशी मला भीती वाटली. माझ्या आजोबांचे दोन्ही पाय चांगले होते. स्वभाव चांगला नव्हता. माझ्या सहकाऱ्याने तुम्हाला लिहिलं की त्याने माझ्याकडून चोरलं. ते खरं नाही. बहिणीने त्यालाही तो मजकूर दिला होता. तो मला वाचवायला बघतो आहे. तो तसाच आहे. आम्ही दोघं एका माळेचे मणी आहोत.'

हे शेवटचं तिने इंग्रजीत शब्दाला शब्द लावून लिहिलं, आणि वाचून पाहिलं तर दोघं गळ्यातला दागिना असल्यासारखे वाटले. तिला हसू आलं, त्या दोन दिवसांतलं पहिलं. ते खोडून तिने साधं लिहिलं, चूक आम्हा दोघांची सारखी आहे. खाली कालची हकिकत जोडली. शेवटी एक ओळ घातली, 'आता मी प्रत्येकाला बसायला सांगते.'

पाठवण्याआधी तिने थोरलीला फोन केला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"ताई, मी वाचून दाखवते. तू सुधारू नकोस. तुला काय कळलं तेवढं सांग. जिथे कळणार नाही तिथे थांबव."

थोरली म्हणाली, "वाच."

थोरलीने एकदाच थांबवलं. "ती कड कुठली? वरची का खालची? मला दिसली नाही." धाकटीने तिथे एक वाक्य घातलं. बाकी थोरली गप्प होती, आणि तिला गप्प राहायला काय कष्ट पडत असतील याची धाकटीला पूर्ण कल्पना होती. वाचून संपलं.

"आजोबांचा स्वभाव चांगला नव्हता, हे कशाला लिहायचं?" थोरलीने विचारलं.

"खरं आहे म्हणून."

"खरं आहेच," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज जरा ओला झाला. "पाठव."

त्यानंतरची वाट बघणं वाईट होतं. धाकटी दर थोड्या वेळाने हात धुवायची, फोन बघायची, पुन्हा प्लास्टरमध्ये हात घालायची. दिवस गेला, दुसराही सरत आला. आपण जागा घालवली आणि लंबूचीही घालवली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. लंबू तिच्याशी बोलत होता, पण नेहमीसारखं नाही.

उत्तर आलं तेव्हा दोघं एकाच बाकावर सॉकेट घासत होती. धाकटीने ते उभ्याउभ्याच वाचलं. बाईंनी पुढच्या आठवड्यात गुरुवारी व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठेवली होती. लिहिलं होतं की मागच्या कडेची ही चूक आमच्याकडेही होते आणि कॉलवर मला त्याबद्दल जास्त ऐकायचं आहे. जीव भांड्यात पडतो म्हणतात तसा पडला. मग तिने शेवटचा परिच्छेद वाचला.

'तुमच्या सहकाऱ्याच्या दोन्ही ईमेल माझ्याकडे आहेत. दोन्हींत मला तो कुठेच सापडला नाही. त्याला लिहायचं असेल तर त्याने उद्यापर्यंत स्वतः लिहावं.'

फोन खिशात टाकता आला असता. लंबू ब्रशने धूळ झटकत होता, त्याचं लक्षही नव्हतं. जागा एकच होती आणि लंबूचा हात तिच्याइतकाच चांगला होता, काही बाबतींत अधिक. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. लाज वाटावी इतका वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिने फोन त्याच्यापुढे धरला.

त्याने वाचलं. "मला नाही येत," तो म्हणाला. "ताईंना सांग ना."

"ताई नाही, ॲप नाही. तू बोल. इंग्रजीत, येईल तसं. मी फक्त टाइप करते."

ती ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसली आणि तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने घसा साफ केला.

"आय वॉज अफ्रेड," तो म्हणाला. थांबला. "यू विल सी माय इंग्लिश. यू विल नॉट सी माय लेग्ज."

धाकटीची बोटं कीबोर्डवर थांबली. तिच्या डोक्यात एक छान वाक्य तयार झालं होतं, आपोआप, जसं थोरलीच्या डोक्यात होत असेल. लंबूच्या वाक्यापेक्षा ते पुष्कळ बरं होतं. थोरलीला आयुष्यभर काय होत आलं असेल ते तिला त्या क्षणी कळलं.

तिने ते वाक्य लिहिलं नाही. मान वळवून विचारलं, "पाय कोणते?"

"कोणते म्हणजे?"

"वाचणाऱ्याला वाटेल तुझे स्वतःचे."

लंबूने खाली आपल्या लांबच लांब पायांकडे पाहिलं. मग दाराच्या काचेतून पलीकडे फळीवर ओळीने उभ्या असलेल्या, त्याने बनवलेल्या पायांकडे पाहिलं.

"द लेग्ज आय मेक," तो म्हणाला.

तिने तेवढंच टाइप केलं आणि म्हणाली, "पुढे बोल."